फोटोतल्या प्रश्नाची आकृती नाही, वरची ओळ कापली गेली आहे: उत्तर देण्याआधी नेमकं काय मागायचं?

समास

गणित-विज्ञानाच्या शंका सोडवून देणाऱ्या मंडळींसाठी हा धागा. मुलं प्रश्नाचा फोटो पाठवतात, आणि त्यात एक तर आकृती नसते किंवा प्रश्नाची सुरुवात फोटोबाहेर राहिलेली असते. अशा वेळी काय विचारायचं, किती विचारायचं, आणि न विचारता उत्तर देऊन टाकणं कधी चालतं, यावर चर्चा व्हावी.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक प्रत्यक्ष फोटो घेऊ. त्यात वाचता येणारा मजकूर एवढाच आहे:

"… २ किलो आणि ३ किलो वस्तुमानाचे ठोकळे कप्पीवरून जाणाऱ्या दोरीने जोडले आहेत. कप्पी व दोरी वजनरहित असून कोठेही घर्षण नाही. g = 10 m/s² घ्या. दोरीतील ताण किती?"

पर्याय: (१) १२ न्यूटन (२) १८ न्यूटन (३) २४ न्यूटन (४) ३० न्यूटन.

पहिली ओळ अर्धी कापलेली आहे, पण "आकृतीत दाखवल्याप्रमाणे" हे शब्द ओळखू येतात. आकृती फोटोत नाही. फोटोच्या खालच्या कडेला मात्र एका कलत्या फळीचं टोक आणि कप्पीचा अर्धा गोल दिसतो. मुलाचा निरोप: "सर, हे कसं सोडवायचं?"

शरद_गणित

यात विचारण्यासारखं फार काही आहे असं मला वाटत नाही. पर्याय दिलेले असले की उलट बाजूने जाता येतं. दोन ठोकळे, एक कप्पी, म्हणजे नेहमीची रचना: दोन्ही ठोकळे दोन बाजूंना लटकलेले. तीन किलोचा खाली जाणार, त्वरण २, ताण २४. चोवीस पर्यायात आहे. झालं. उत्तर पर्यायात बसलं की आकृतीही तीच होती असं धरायला हरकत नाही. प्रत्येक फोटोला "पुन्हा पाठव" म्हटलं तर मुलं विचारणंच सोडून देतील.

त्रिज्या

शरदसर, "पर्यायात बसलं म्हणजे बरोबर" ही पायरी याच प्रश्नात कशी फसते ते बघा.

समजा २ किलोचा ठोकळा एका फळीवर आहे, फळी आडव्याशी θ एवढा कोन करते, आणि ३ किलोचा ठोकळा कप्पीवरून खाली लटकतो. घर्षण नाही. समीकरणं अशी:

```
30 − T = 3a
T − 20 sin θ = 2a
T = 12 (1 + sin θ)
```

आता θ बदलून बघा. फळी आडवी, म्हणजे ठोकळा सरळ मेजावर असेल तर ताण १२. फळी ३० अंशात कलली तर १८. फळी उभीच केली, म्हणजे दोन्ही ठोकळे लटकले, तर २४. आणि २ किलोचा ठोकळा मेजाला घट्ट अडकवलेला असेल, तर ३ किलोचा नुसता टांगून राहतो आणि ताण ३० येतो. चारही पर्याय चार वेगवेगळ्या आकृत्यांची बरोबर उत्तरं आहेत.

हा योगायोग नाही. पर्यायी प्रश्न काढणारा चुकीचे पर्याय मुलांच्या नेहमीच्या चुकांवरून बनवतो. मूल कोणती चूक करतं? कलत्या फळीला सपाट समजतं, sin घ्यायचा विसरतं, हलणाऱ्या ठोकळ्याला स्थिर धरतं. यातली प्रत्येक चूक म्हणजे दुसऱ्याच कुठल्या तरी आकृतीची बरोबर मांडणी असते. म्हणून आकृती नसताना पर्याय तुम्हाला वाट दाखवत नाहीत. तुम्ही जी आकृती मनात धराल तिचं उत्तर ते निमूटपणे पुढे करतात.

शरद_गणित

मान्य, या प्रश्नात फसलं. पण समासने लिहिलंय की फोटोच्या खाली कलत्या फळीचं टोक दिसतंय. मग आकृती कलत्या फळीचीच आहे आणि उत्तर १८. दुसरं म्हणजे तुमच्या सूत्रात एक गंमत दिसते: कोणता ठोकळा फळीवर आणि कोणता लटकलेला, हे उलटं केलं तरी ताण तोच येतो. म्हणजे आकृतीतलं सगळंच माहीत असायला हवं असं नाही.

त्रिज्या

दुसरा मुद्दा अगदी बरोबर पकडलात, आणि या धाग्यात तोच सगळ्यात कामाचा आहे. आधी कागदावर न दिसणारी गोष्ट अक्षर म्हणून मांडायची, मग उत्तरात ते अक्षर उरतं का ते बघायचं. इथे ताण विचारलाय. ठोकळ्यांची अदलाबदल केली तर समीकरणं 20 − T = 2a आणि T − 30 sin θ = 3a होतात, आणि ताण पुन्हा 12 (1 + sin θ) येतो. म्हणजे "फळीवर कोण?" हा प्रश्न ताणासाठी विचारायची गरज नाही. फक्त फळीचा कोन हवा.

पण शेवटच्या ओळीत ताणाऐवजी त्वरण विचारलं असतं तर? ३० अंशांच्या फळीवर २ किलोचा असेल तर त्वरण ४, आणि ३ किलोचा असेल तर १. तिथे दोन्ही गोष्टी विचाराव्या लागतील. आणि "घर्षण नाही" हे वाक्य कापलं गेलं असतं तर आणखी एक माहिती मागावी लागेल, कारण पुरेसं घर्षण असेल तर ठोकळे हलणारच नाहीत. मेजावर ३ किलोचा, घर्षणांक ०.७, लटकलेला २ किलोचा: मेजाकडून जास्तीत जास्त २१ न्यूटन अडवणूक होऊ शकते, ओढणारे २० आहेत, म्हणजे सगळं जागच्या जागी आणि ताण २०.

पहिल्या मुद्द्याबद्दल मात्र थांबा. खाली दिसणारं टोक याच प्रश्नाच्या आकृतीचं आहे हे कशावरून?

कागदफूल

मी छपाईच्या पानांची मांडणी करतो, त्यामुळे या शेवटच्या प्रश्नावर सांगतो. आकृती कोणत्या प्रश्नाची हे जवळ काय आहे त्यावरून ठरवायचं नसतं. एकेका पुस्तकाची पद्धत ठरलेली असते: काहींमध्ये आकृती मजकूर आणि पर्याय यांच्या मध्ये येते, काहींमध्ये मजकुराच्या उजवीकडे, काहींमध्ये पर्यायांच्याही खाली. फोटोत मजकुरानंतर लगेच पर्याय आहेत आणि फळीचं टोक त्यांच्या खाली आहे. त्या पुस्तकात आकृती उजवीकडे छापायची रीत असेल, तर खालचं टोक पुढच्या प्रश्नाचं असणार. हे ओळखायचं असेल तर त्याच पानावरचा आकृती असलेला दुसरा एखादा पूर्ण प्रश्न बघावा लागतो. म्हणून पूर्ण पान मागा. एका प्रश्नाचाच पुन्हा फोटो आला तर हे कळणार नाही.

दोन स्तंभांच्या पानावर आणखी एक घोळ होतो. प्रश्नाची सुरुवात डाव्या स्तंभाच्या तळाशी असते आणि उरलेला भाग उजव्या स्तंभाच्या माथ्यावर. मूल उजव्या स्तंभाचा फोटो काढतं आणि त्याला प्रामाणिकपणे वाटतं की पूर्ण प्रश्न पाठवला. ओळखायची खूण म्हणजे फोटोतला मजकूर प्रश्नक्रमांकाशिवाय सुरू होतो.

मुक्ता_प

माझ्याकडे भूमितीचा असाच एक प्रश्न आलाय, इथेच विचारते. "वर्तुळाचे केंद्र ओ आहे. कोन अ ओ ब = १००°. तर कोन अ क ब = ?" आकृती नाही, पर्याय नाहीत. मी ५०° सांगणार होते, कारण केंद्राशी असलेल्या कोनाच्या निम्मा कोन परिघावर. हे तरी आकृतीशिवाय चालेल ना? क वर्तुळावर आहे एवढं पुरेसं आहे.

त्रिज्या

मुक्ताताई, क वर्तुळावर आहे हे तरी फोटोत लिहिलंय का? तुम्ही दिलेल्या मजकुरात नाही. क हा स्पर्शिकांचा छेदनबिंदूही असू शकतो. अ आणि ब मधून काढलेल्या स्पर्शिका क मध्ये मिळत असतील तर उत्तर ८०° येईल.

आणि वर्तुळावर असला तरी क विशालकंसावर असेल तर ५०°, लघुकंसावर असेल तर १३०°. म्हणजे तुम्हाला विचारायचं ते एकच: "क बिंदू कुठे आहे? अ आणि ब जोडणाऱ्या जीवेच्या ज्या बाजूला केंद्र ओ आहे त्याच बाजूला, दुसऱ्या बाजूला, की वर्तुळाच्या बाहेर?"

प्रश्न कसा विचारलाय तेही बघा. "क विशालकंसावर आहे ना?" असं विचारलं तर मूल "हो" म्हणेल. तुम्ही सुचवलेलं नाकारायला त्याच्याकडे काही कारण नसतं, आणि विशालकंस कोणता हीच त्याची अडचण असू शकते. म्हणून "आहे का" टाळायचं. दोन-तीन शक्यता समोर ठेवून "यातली कोणती" विचारायचं, आणि त्याला डोळ्यांनी दिसेल अशा शब्दांत: वर, खाली, केंद्राच्या बाजूला, लटकलेला, फळीवर टेकलेला.

वेदांत१२

आमच्या सराव परीक्षेत असंच झालं होतं. प्रश्नपत्रिकेत "आकृतीत दाखवल्याप्रमाणे" लिहिलं होतं पण आकृती छापलीच नव्हती. अशा प्रश्नाचे पूर्ण गुण मिळतात का? कोणाकडे अर्ज करायचा?

निरंजन

वेदांत, हा धागा फोटोत राहून गेलेल्या आकृतीबद्दल आहे. छापायची राहून गेली तर काय, ते तुझ्या परीक्षेच्या नियमांवर ठरतं, त्यामुळे ज्यांनी परीक्षा घेतली त्यांनाच लेखी विचार. परीक्षेच्या वेळी लेखी उत्तर लिहायचं असेल तर "मी अशी आकृती गृहीत धरली आहे" असं लिहून, ती आकृती काढून मग सोडवावं. तपासणाऱ्याला निदान तुझी मांडणी बरोबर आहे हे दिसतं.

पण त्याच्या प्रश्नातून आपल्या कामाचं काहीतरी निघतं. कधीकधी मुलाकडच्या मूळ प्रतीतही आकृती नसते. कोणीतरी पुस्तकातले प्रश्न टाइप करून संच केलेला असतो आणि चित्रं गळलेली असतात. किंवा प्रतीची प्रत काढता काढता फिकट रेषा उडून गेलेल्या असतात. तिथे "पूर्ण पान पाठव" असं कितीही वेळा सांगितलं तरी उपयोग नाही. पान पूर्णच आहे. म्हणून पहिल्याच निरोपात विचारावं: "तुझ्या पुस्तकात या प्रश्नाला आकृती दिसते का? दिसत नसेल तर तसं सांग." नसेल तर तोच प्रश्न मूळ पुस्तकात शोधायला सांगायचं, प्रश्नक्रमांक आणि धड्याचं नाव घेऊन.

शरद_गणित

मग उत्तरसूची मागावी. तिथे २४ लिहिलं असेल तर आकृती आपोआप कळली.

निरंजन

उत्तरसूची मागावी, पण सगळ्यात शेवटी आणि पडताळ्यासाठी. सूचीत १८ आहे असं समजलं तर तुम्ही ३० अंशांची फळी काढाल. २ किलोचा त्यावर की ३ किलोचा, हे सूची सांगत नाही. ताणाचं उत्तर बरोबर येईल, पण तुम्ही काढून दिलेली आकृती आणि त्याच्या पुस्तकातली आकृती वेगळी असू शकते. मूल तुमची समीकरणं आपल्या आकृतीवर लावायला गेलं की 20 sin θ कुठून आलं ते त्याला कळणार नाही, आणि तेच तर त्याने विचारलं होतं.

शिवाय सूची चुकीच्या संचाची असू शकते, एका क्रमांकाने सरकलेली असू शकते. आकृतीवरून उत्तर काढून मग सूचीशी जुळवलं तर अशी चूक उघडी पडते. सूचीवरून आकृती बनवली तर ती चूक दिसायला जागाच राहत नाही.

समास

आकृतीबद्दल बरंच स्पष्ट झालं. प्रश्नाची सुरुवातच नाही, अशा फोटोंचं काय? उदाहरणार्थ हा, यात फक्त पर्याय दिसतात:

(१) कर्ण समान असतात (२) कर्ण परस्परांना दुभागतात (३) समोरासमोरचे कोन समान असतात (४) समोरासमोरच्या बाजू समान असतात

शरद_गणित

हा तर सरळ आहे. दोन, तीन आणि चार ही समांतरभुज चौकोनाची वैशिष्ट्यं आहेत, पहिलं नाही. तीन खरी आणि एक खोटं, म्हणजे प्रश्न "समांतरभुज चौकोनाबद्दल असत्य विधान कोणते" असा असणार. उत्तर (१). जे एकटं वेगळं पडतं तेच उत्तर. हा ठोकताळा बहुतेक वेळा चालतो.

त्रिज्या

उत्तर (१) असण्याची शक्यता मलाही बरीच वाटते. पण प्रश्न तोच होता हे त्यावरून ठरत नाही. समजा कापलेली ओळ अशी होती: "समद्विभुज समलंब चौकोनाबद्दल सत्य विधान कोणते?" त्या चौकोनात कर्ण समान असतात. ते परस्परांना दुभागत नाहीत, समोरासमोरचे कोन समान नसतात, आणि बाजूंची एकच जोडी समान असते. म्हणजे पुन्हा फक्त (१). एका प्रश्नात पहिलं विधान एकटं खोटं म्हणून उत्तर, दुसऱ्यात एकटं खरं म्हणून उत्तर.

पर्यायाचा क्रमांक सांगून मोकळं व्हायचं असेल तर काही बिघडत नाही. समजावून सांगायचं असेल तर पूर्णच बिघडतं. पहिल्या प्रश्नाचं स्पष्टीकरण म्हणेल "कर्ण समान नसतात", दुसऱ्याचं म्हणेल "कर्ण समान असतात". चुकीचं स्पष्टीकरण बरोबर क्रमांकासोबत मुलापर्यंत गेलं की ते टिकतं, कारण सूचीशी उत्तर जुळलेलं असतं आणि पुन्हा तपासायची वेळ येत नाही.

सुरुवात नसलेल्या प्रश्नात म्हणून दोन गोष्टी मागायच्या. विधानं कशाबद्दल आहेत, आणि सत्य विचारलंय की असत्य. "नाही", "वगळता", "असत्य" हे शब्द बहुधा ओळीच्या शेवटी असतात आणि तेवढेच कापले जातात. ओळ दिसत असली तरी तिचा उजवा शेवट फोटोत आहे का ते बघायची सवय लावून घ्या.

कागदफूल

सुरुवात हरवण्याची आणखी एक तऱ्हा आहे, ती फोटोत अजिबात दिसत नाही. पानावर "प्रश्न १४ ते १६ साठी पुढील माहिती वापरा" असा सामाईक मजकूर असतो आणि मूल फक्त १६ वा प्रश्न पाठवतं. तो प्रश्न वाचायला पूर्ण वाटतो, क्रमांकही असतो, पूर्णविरामही. खूण अशी की त्यात "त्या", "वरील", "हा ठोकळा", "दुसऱ्या गाडीला" असं काहीतरी येतं ज्याचा आधी उल्लेखच नाही. असा शब्द दिसला की त्याच शब्दाकडे बोट दाखवून विचारा: "'दुसरी गाडी' म्हटलंय, मग पहिलीबद्दल कुठे लिहिलंय?" मूल स्वतःच वर बघतं.

तसंच स्थिरांकांचं. g किती घ्यायचा हे काही संचांत प्रत्येक प्रश्नात नसून पहिल्या पानावरच्या सूचनांत असतं. समासच्या प्रश्नात g = 10 लिहिलंय म्हणून २४; ९.८ घ्यायला सांगितलं असतं तर २३.५२.

मुक्ता_प

मुलाला नक्की काय लिहून पाठवायचं? "फोटो नीट काढ" म्हटलं की तोच फोटो जवळून काढून पुन्हा येतो, आणि त्यात आणखीच कमी दिसतं.

कागदफूल

कारण "नीट" म्हणजे त्याला "स्पष्ट" वाटतं. अक्षरं धूसर आली असतील म्हणून तो फोन जवळ नेतो. तुम्हाला हवंय उलटं: फोन लांब. म्हणून काय दिसतंय आणि कुठे तुटतंय ते सांगायचं. समासच्या फोटोसाठी मी असं लिहीन:

"फोटोत प्रश्नाची पहिली ओळ अर्धी कापली आहे आणि आकृती आलेली नाही. पुस्तक सपाट ठेवून पूर्ण पानाचा एकच फोटो काढ, पानाचे चारही कोपरे दिसायला हवेत. प्रश्नाचा क्रमांक लिही. मागच्या पानावरून प्रश्न सुरू होत असेल तर त्याचाही फोटो दे. पुस्तकात आकृतीच नसेल तर तसं कळव."

एवढं एकाच निरोपात. तुकड्या-तुकड्यांनी विचारलं तर मूल पहिल्या तुकड्याला उत्तर देतं आणि निघून जातं.

फोनकडेही थोडं लक्ष द्यायला हवं. कागद ओळखून आपोआप कडा कापणारी सोय चालू असेल तर ती मजकुराचा चौकोन धरते आणि समासात छापलेली आकृती कापून टाकते. पांढरं पान आणखी पांढरं करणारी सोय फिकट करड्या रेषा घालवते. आकृती येते पण कोनाचा कंस किंवा तुटक रेषा गायब झालेली असते. म्हणून अशा वेळी "साध्या कॅमेऱ्याने काढ, कुठलीही सुधारणा करू नकोस" एवढं जोडावं. आणि एक आपल्या बाजूचं: संभाषणात उंच फोटो लहान चौकटीत कापून दिसतो. आकृती मागण्याआधी फोटो उघडून पूर्ण बघा, ती तिथे असू शकते.

निरंजन

फोटो काढणं शक्यच नसेल, पुस्तक मित्राकडे परत गेलं असेल, तर मूल हाताने आकृती काढून पाठवतं. ती घ्यावी, पण ती त्याची समजूत आहे, पुस्तकातलं चित्र नाही, हे धरून चालावं. सगळ्यात जास्त चुकतो तो कोन. ३० अंश लिहिलेले असतात, पण कंस फळी आणि आडवी यांच्यात की फळी आणि उभी यांच्यात? आडवीशी असेल तर ताण १८. उभीशी असेल तर आडवीशी ६० अंश, आणि ताण सुमारे २२.४, जो पर्यायात नाही. इथे पर्याय खरोखर मदत करतात. आकृती हातात आल्यावर तिच्यातली एखादी खूण वाचायला ते चांगले. अख्खी आकृती त्यांच्यावरून उभी करू नये.

समास

पूर्ण पान आलं. कागदफूल म्हणाले तसा निरोप पाठवला होता. प्रश्नक्रमांक २२. त्या पानावर सगळ्या आकृत्या मजकुराच्या उजवीकडे आहेत, आणि २२ च्या उजवीकडे एकच स्थिर कप्पी, दोन्ही बाजूंना लटकलेले ठोकळे. कलती फळी २३ व्या प्रश्नाची निघाली. म्हणजे उत्तर २४.

२३ मध्ये तेच दोन ठोकळे, ३० अंशांची फळी, आणि विचारलंय त्वरण. फळीवर २ किलोचा आहे, म्हणून ४.

शरद_गणित

म्हणजे माझं पहिलं २४ बरोबर होतं, आणि दुसरं १८ चूक. पण तेव्हा दोन्ही मला सारखीच पटली होती.

तरी एक मुद्दा माझा सोडत नाही. परीक्षा उद्यावर आलेली असते, रात्री उशिरा फोटो येतो, मूल परत ऑनलाइन येईल की नाही माहीत नसतं. तिथे नुसतं "पूर्ण पान पाठव" लिहून थांबणं मला योग्य वाटत नाही. त्याला हातात काहीतरी द्यायला हवं.

त्रिज्या

अशा वेळी मी शक्यतांसकट उत्तर देते, पण शक्यता दोन किंवा तीन असतील तरच. "दोन्ही लटकलेले असतील तर २४, एक सपाट मेजावर असेल तर १२, ३० अंशांच्या फळीवर असेल तर १८, तुझी आकृती बघून ठरव," आणि प्रत्येकाची दोन समीकरणं. मुक्ताताईंच्या वर्तुळाला हे छान बसतं. आकृतीत कप्प्या दोन की तीन हेच माहीत नसेल, किंवा विद्युत मंडल असेल, तर शक्यता मोजण्यात अर्थ नाही. सहा-सहा ओहमचे तीन रोध एवढंच दिसत असेल तर २, ४, ९, १८ यातलं काहीही येऊ शकतं.

निरंजन

माझं मत वेगळं आहे. शक्यतांची यादी दिली की मूल यादीतलं सूचीशी जुळणारं उत्तर उचलतं आणि आकृती बघतच नाही. मी आकृती येईपर्यंत आकडा देत नाही. त्याऐवजी जे आकृतीवर अवलंबून नाही तेवढं लिहून देतो: दोरी एकच आणि वजनरहित, कप्पीही वजनरहित, घर्षण नाही, म्हणून दोरीभर ताण एकच, दोन्ही ठोकळ्यांच्या त्वरणाचं मान सारखं, प्रत्येक ठोकळ्यासाठी एक समीकरण. तेवढ्यावर मूल स्वतःच्या पुस्तकातली आकृती बघून पुढे जाऊ शकतं.

मुक्ता_प

माझ्या मुलाचं उत्तर आलं. क वर्तुळावर आहे, "ओ च्या विरुद्ध बाजूला" असं लिहिलंय. म्हणजे १३०° ना? की "विरुद्ध बाजूला" म्हणजे ओ च्या पलीकडे, समोरच्या टोकाला?

त्रिज्या

दोन्ही अर्थ निघतात, आणि दुसऱ्या अर्थाने उत्तर ५०° होईल. त्याला विचारा: "अ पासून ब पर्यंत सरळ रेघ मारली तर ओ आणि क रेघेच्या एकाच बाजूला येतात की दोन बाजूंना?"